बाबांना पोळी गिळताना प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. गोळ्या, साखर की नुसता उन्हाळा?

मीनल_सुदामानगर | ४ मे, रात्री ९.४०

इंदूरहून नमस्कार. विषय घरचा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून लिहिते.

बाबा ७१ वर्षांचे. गेले दीड-दोन महिने ताटाशेजारी तांब्या घेऊन बसतात. एक घास, एक घोट. आधी वाटलं मे महिना आहे, सगळ्यांचीच तोंडं सुकतात. पण परवा सकाळी त्यांनी पोह्यांवरची शेव बोटानं बाजूला सारली आणि ताटलीच्या कडेला ढीग करून ठेवली. इंदूरचा माणूस शेव बाजूला काढतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणाले, "तोंडात पीठ झाल्यासारखं फिरत राहतं, खाली उतरतच नाही."

वरण-भात, खिचडी, दही-भात व्यवस्थित जातात. पोळी, टोस्ट, शेव, भाजलेले दाणे जात नाहीत. रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणून उठतात. बारा वर्षांपासून डायबेटिस आहे, बीपीही आहे. आई म्हणते पाणी कमी पितात. भाऊ म्हणतो साखरेमुळे. मला गोळ्यांची शंका येते, कारण गोळ्यांचा डबा आता दोन मजली झालाय. कुणाला अनुभव?

शिरीष_ग्वाल्हेर | ४ मे, रात्री १०.०५

डायबेटिस आहे ना, मग विषय संपला. साखर वाढली की तोंड सुकतं, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. रोज तीन लिटर पाणी पाजा आणि साखर तपासा. गोळ्यांना उगाच दोष देऊ नका. लोक गोळ्या सोडून देतात आणि मग पाय कापायची वेळ येते.

सराफ्यातला_भुक्कड | ४ मे, रात्री १०.१७

शेव बाजूला काढली??? भिया, आधी नागरिकत्व तपासा, डॉक्टर नंतर.

(चेष्टा सोडा, काकांना लवकर बरं वाटो. ती ढिगातली शेव वाया गेली नसेल अशी आशा.)

दंतकथा | ४ मे, रात्री ११.३०

मीनल, मी बडोद्याला दातांची डॉक्टर आहे. नावावरून हसून झालं असेल तर तीन गोष्टी सांगा.

पहिली, घास नेमका कुठे अडतो? तोंडातच गोळा होत नाही, की गिळल्यावर छातीत, बरगडीच्या मागे अडकल्यासारखं वाटतं? या दोन तक्रारींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. दुसरी, कवळी आहे का, आणि ती हल्ली सैल वाटते का? तिसरी, सगळ्या गोळ्यांची नावं, आणि जमलं तर कुठली कधी सुरू झाली ते.

घास का होत नाही तेही सांगते, म्हणजे नुसत्या पाण्याच्या घोटानं काम का भागत नाही ते कळेल. रव्यात पाणी घातलं तर ओला रवा होतो, लाडू होत नाही. लाडवाला पाक लागतो. लाळ हा तो पाक आहे. तिच्यात एक बुळबुळीत, चिकट भाग असतो, तो जिभेखालच्या आणि ओठांच्या आतल्या ग्रंथींतून येतो. पोळीचे तुकडे त्यानं एकमेकांना धरून राहतात आणि घसरत खाली जातात. लाळ आटली की घोटानं तुकडे ओले होतात, पण गोळा बांधला जात नाही. भात-वरणाला मुळात पाक लागतच नाही, म्हणून ते जातं.

मीनल_सुदामानगर | ५ मे, सकाळी ८.१०

धन्यवाद ताई. तोंडातच अडतं, छातीत नाही. खोकला नाही, आवाज बदललेला नाही, वजनही जवळजवळ तेवढंच आहे. वरची कवळी आहे आणि हो, महिन्याभरापासून ती बोलताना खाली येते! आम्हाला वाटलं कवळी जुनी झाली.

गोळ्या: सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. रात्री तळपाय जळतात म्हणून अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. लघवीसाठी टॅम्सुलोसिन आणि सॉलिफेनासिन एकत्र असलेली एक गोळी. धुळीनं शिंका येतात म्हणून लिव्होसेटिरिझिन. शिवाय कॅल्शियम.

गोळीबार | ५ मे, दुपारी २.४५

मी इंदूरलाच औषधांचं दुकान चालवतो, काउंटरवर बावीस वर्षं झाली. या यादीत तोंड सुकवणारे तीन खेळाडू समोरच बसलेत: सॉलिफेनासिन, अॅमिट्रिप्टिलिन, लिव्होसेटिरिझिन. चौथी क्लोरथॅलिडोन, ती लघवी वाढवून अंगातलं पाणी काढते.

पहिल्या दोघांचं काम समजून घ्या. लाळेच्या ग्रंथींना मज्जातंतूकडून "सोड" असा निरोप येतो. तोच निरोप मूत्राशयाला "आवळ" म्हणून जातो. सॉलिफेनासिन मूत्राशयाचा निरोप अडवते, आणि जाता जाता तोंडाचाही अडवते. अॅमिट्रिप्टिलिन तळपायांसाठी दिलीय खरी, पण तिचाही हाच उद्योग आहे. लिव्होसेटिरिझिन त्या मानानं गरीब, एकटी असती तर बहुतेक कळलंही नसतं. एकेक गोळी माणूस सोसतो, तीन एकत्र आल्या की तोंडाचा नळ बंद.

आता एक काम करा. घरातली सगळी बिलं काढा आणि कागदावर तारखा लिहा: कुठली गोळी कधी सुरू झाली, आणि समोर, तोंडाची तक्रार कधी, लघवीची कधी. अर्ध्या वेळा उत्तर त्या कागदावरच दिसतं.

एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपीची तर नाहीच नाही.

आजीचा_बटवा | ५ मे, दुपारी ४.२०

ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्या. सासूबाईंना दिली, तोंडाला छान पाणी सुटतं. दोन लवंगा आणि खडीसाखरही चालते.

गोळीबार | ५ मे, संध्याकाळी ६.००

आजी, तुमच्या बटव्याचा मान ठेवून सांगतो, या काकांना ज्येष्ठमध नको. रोज चघळला तर बीपी वाढवतो आणि रक्तातलं पोटॅशियम खाली आणतो. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम खाली आणते. दोन्हींनी मिळून ओढलं तर पायात गोळे येतील, हृदयाचे ठोके चुकतील. खडीसाखर तर डायबेटिसवाल्याला सांगूच नका.

आजीचा_बटवा | ५ मे, संध्याकाळी ६.२५

खडीसाखर माझी चूक, मान्य. ज्येष्ठमधाचं माहीत नव्हतं. सासूबाईंना बीपी आहे. आज रात्री त्यांच्या पिशवीतून काढून घेते, मग इथे भांडण झालं तर तुम्ही जबाबदार.

विनू_भाषणवाला | ५ मे, रात्री ८.५०

मलाही हाच त्रास आहे! गणेशोत्सवात स्टेजवर उभं राहिलं की तोंड एकदम कोरडं, शब्द फुटत नाही. माइक लांब धरला तर फरक पडतो का?

सराफ्यातला_भुक्कड | ५ मे, रात्री ८.५८

विनूभाऊ, तुमचं तोंड कोरडं पडलं की श्रोत्यांना आराम पडतो. त्यावर उपाय नका शोधू.

वाळूघड्याळ | ५ मे, रात्री १०.४०

मीनलताई, एक शक्यता सोडू नका म्हणून लिहितेय. मला चिवडा, खाकरा, बिस्किट पाण्याशिवाय जाईनासं झालं तेव्हा मी ४६ वर्षांची. सगळे म्हणाले टेन्शन. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, रडू आलं तरी पाणी येईना. कानाखालचा भाग गालगुंडासारखा सुजायचा आणि उतरायचा. तोंडाचा डॉक्टर वेगळा, डोळ्यांचा वेगळा, सांधेदुखीचा तिसराच. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी जेमतेम ३ मिलिमीटर ओली झाली. तिथून पुढे रक्ततपासणी झाली आणि स्योग्रेन हे नाव कळलं. शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतं.

बाबांना डोळ्यांचा त्रास, कानाजवळ सूज, सांधे धरणं असं काही असेल तर मुद्दाम सांगा. नसेल तर ही पोस्ट विसरा.

मीनल_सुदामानगर | ५ मे, रात्री ११.०२

डोळे ठीक आहेत, सूज नाही. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुम्ही आता काय खाता?

वाळूघड्याळ | ५ मे, रात्री ११.१५

पायलोकार्पिनची गोळी, दिवसातून तीनदा. घाम खूप येतो, इंदूरच्या उन्हाळ्यात तर विचारू नका. दमा असणाऱ्यांना आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती देत नाहीत. चिवडा आता दह्यात कालवून खाते. नागपूरचे नातेवाईक माझ्याशी बोलत नाहीत.

शिरीष_ग्वाल्हेर | ६ मे, सकाळी ७.३०

सगळे गोळ्यांच्या मागे लागलात. मी अजून म्हणतो, साखर. मेव्हण्याचं तोंड असंच सुकायचं, तपासली तर ४००. इन्सुलिन सुरू झालं, आठ दिवसांत तोंड ओलं. गोळीबारसाहेब, तुम्ही गोळ्या विकता आणि गोळ्यांनाच नावं ठेवता, गंमत आहे.

दंतकथा | ६ मे, दुपारी १.१५

शिरीषजींचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती पूर्ण परत घेऊ शकत नाही. जास्तीची लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. लघवी वाढते, अंग सुकतं, लाळ घट्ट होते. मेव्हण्याचं तसंच झालं. पण साखर १३० वर असताना तोंड सुकत असेल तर एकट्या साखरेवर ढकलता येत नाही. म्हणून आकडा लागेल. मीनल, शेवटची तपासणी कधीची?

पाण्याचं म्हणाल तर ओळखायची एक घरगुती खूण आहे. अंगात पाणी कमी असेल तर दोन-तीन पेले सावकाश प्यायल्यावर तासाभरात तोंड आपलं आपण ओलं राहू लागतं आणि लघवीचा गडद पिवळा रंग फिका होतो. गोळीनं नळ बंद केला असेल तर घोट घेतला तेवढ्यापुरतं ओलं, पाच मिनिटांत पुन्हा टाळूला जीभ. तीन लिटरचं सरसकट सांगू नका. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर तेवढं पाणी अंगावर सुजेसारखं उतरतं.

आणि एक प्रयोग. सकाळी उठल्यावर, चहा-पाणी, ब्रश काही व्हायच्या आधी, बाबांना खुर्चीत बसवा, मान थोडी खाली. बोलायचं नाही, चघळायचं नाही. पाच मिनिटं तोंडात जमेल ती लाळ खोकल्याच्या औषधाच्या टोपणात सोडायची. फेस बसू द्या, मग बिनसुईच्या सिरिंजनं ओढून मोजा. साधारण दीड मिलिलिटर आली तर बरी. अर्ध्या मिलिलिटरच्या खाली असेल तर ग्रंथी खरंच कमी काम करताहेत. यातून निदान होत नाही, पण पुढे फरक पडतोय का ते कळतं.

शेवटचं: दिवसभर घसा ओला ठेवायला बाबा नेमकं काय पितात?

मीनल_सुदामानगर | ७ मे, सकाळी १०.२०

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं घरात भूकंप झाला.

आधी प्रयोग. बाबा बाल्कनीत खुर्चीवर, हातात खोकल्याच्या औषधाचं टोपण, समोर आई घड्याळ घेऊन उभी. दोन मिनिटांनी बाबा म्हणाले, "मी काय लहान मूल आहे?" बोललात, पुन्हा पहिल्यापासून! तिसऱ्या खेपेला पाच मिनिटं पूर्ण झाली. टोपणाच्या तळाशी फेसाचा पांढरा टिकला तेवढा दिसत होता. सिरिंजमध्ये ओढला तर ०.४ मिलिलिटर.

आता पिण्याचं. मी ऑफिसात असते म्हणून माहीतच नव्हतं. बाबा रोज चार-पाच पेले कैरीचं पन्हं पितात. आई मोठं पातेलं करून फ्रीजमध्ये ठेवते. पन्ह्याच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, लिंबू-पाण्यात ग्लुकोजची पावडर घालून. "चक्कर नको यायला म्हणून." पेल्याला तीन चमचे. शिवाय संध्याकाळी फिरायला गेले की राजवाड्याजवळ शिकंजी.

साखर काल तपासून घेतली. उपाशीपोटी १९६, जेवणानंतर ३१८, तीन महिन्यांची ९.४. दिवाळीत तीच ७.१ होती.

सराफ्यातला_भुक्कड | ७ मे, सकाळी १०.४५

बाहेरगावच्या मंडळींसाठी: इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे. आटवलेलं दूध, सुकामेवा, केशर, वेलची, चमच्यानं खायची वस्तू. शिकंजी पिऊन घसा ओला करणं म्हणजे बासुंदीनं तहान भागवणं.

शिरीष_ग्वाल्हेर | ७ मे, सकाळी ११.१०

आमच्याकडे शिकंजी लिंबाचीच. तुम्ही लोक नावं बदलता. असो. ३१८!! मी काय म्हणत होतो?

मीनल_सुदामानगर | ७ मे, रात्री ९.३०

गोळीबारदादा, तुमचा कागद केला. बिलं आईच्या साड्यांच्या कपाटात निघाली.

जानेवारी: तळपायांची जळजळ, २२ तारखेला अॅमिट्रिप्टिलिन सुरू.
फेब्रुवारीचा पहिला आठवडा: तोंड "चिकट" वाटतं अशी तक्रार (आईला आठवतंय, हळदीकुंकवाच्या गडबडीत बाबा सारखं पाणी मागत होते). मग लिंबू-पाणी आणि ग्लुकोज.
मार्च: रात्री चार-पाचदा लघवीला. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, साखरेचं विचारलं तर बाबांनी दिवाळीचा रिपोर्ट पुढे केला. २८ मार्चला टॅम्सुलोसिन-सॉलिफेनासिन सुरू.
एप्रिल: तोंड फारच कोरडं, कवळी सैल. पन्हं. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, कारण "रात्री उठावं लागतं".
१६ एप्रिल: शिंकांसाठी लिव्होसेटिरिझिन. ती कुणी लिहून दिली नव्हती, भावानं स्वतःच आणली.

गोळीबार | ७ मे, रात्री ११.२०

वा, असा कागद मला रोज मिळाला तर दुकानात अर्धी भांडणं कमी होतील. आता ओळीनं वाचा.

तळपायाच्या गोळीनं तोंड थोडं सुकलं. सुकलेल्या तोंडाला गोड पेला मिळाला. गोड पेल्यानं साखर वर गेली. वर गेलेल्या साखरेनं लघवी वाढवली. वाढलेल्या लघवीला मूत्राशयाची गोळी मिळाली. तिनं तोंड पार सुकवलं, मग पन्ह्याचं पातेलं. आणि लघवी कमी व्हावी म्हणून संध्याकाळी पाणी तोडलं, तर अंगही सुकलं. प्रत्येकानं समोर दिसलं त्यावर उपाय केला, चुकीचं वागला असा कुणी दिसत नाही. फक्त साखरेचा ताजा आकडा मार्चमध्ये कुणी पाहिला नाही.

म्हणून शिरीषजी, तुम्हीही बरोबर आणि मीही. साखर आहे, गोळ्या आहेत, पाणीही आहे.

उद्या हा कागद साखरेच्या डॉक्टरांना द्या आणि एवढंच विचारा: साखर खाली आल्यावर लघवीची गोळी लागेल का? प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन एकटी चालेल का? तिनं तोंड फारसं सुकत नाही. लिव्होसेटिरिझिन कुणी लिहूनच दिली नव्हती, तिची गरज आहे का तेही विचारा.

रेवा_काठ | ८ मे, सकाळी ६.५०

मग आजपासून तिन्ही बंद करा की! कागदावर स्पष्ट दिसतंय. डॉक्टरांना विचारायला कशाला ५०० रुपये घालवायचे?

गोळीबार | ८ मे, सकाळी ९.१५

रेवाताई, नको. प्रोस्टेट किती मोठं आहे हे कागदावर दिसत नाही. तळपायांची जळजळ परत आली तर काका रात्रभर जागतील, आणि न झोपलेला डायबेटिसवाला सकाळी काय खातो हे मी काउंटरवरून पाहतो.

उज्ज्वला_टिळकनगर | ८ मे, दुपारी ३.३०

एक गोष्ट इथे राहून जाऊ नये. माझे काका असाच पाण्याचा घोट घ्यायचे. आम्ही सगळ्यांनी म्हटलं तोंड कोरडं, वय झालं. पण त्यांचा घास तोंडात अडत नव्हता, गिळल्यावर इथे (छातीच्या मधोमध) थांबायचा. आधी पोळी, महिन्याभरानं भात, मग पातळ वरणसुद्धा. चार महिन्यांत ९ किलो वजन गेलं. दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा अन्ननलिकेत गाठ होती. उशीर झाला होता.

मीनलच्या बाबांचं तसं नाही, तिनं आधीच सांगितलंय. पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल.

दंतकथा | ८ मे, संध्याकाळी ५.००

उज्ज्वलाताई, तुमचं लिहिणं योग्य जागी आलंय. मी पहिला प्रश्न त्यासाठीच विचारला होता. घास छातीत थांबणं, घट्ट अन्नापासून पातळाकडे सरकत जाणं, वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर लाळ मोजत बसू नये, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जावं. उलट पाणीच जास्त अडत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर ती मेंदू-मज्जातंतूची बाजू असू शकते.

मीनल, अजून एक. बाबांची कवळी काढून टाळूला बघा. लालभडक, चकचकीत, कवळीच्याच आकाराचा डाग आहे का? लाळ कमी आणि साखर जास्त असली की तिथे बुरशी धरते, जीभही चरचरते. आणि कॅल्शियमची गोळी कोरड्या तोंडानं आडवं पडून घेऊ नये, अर्ध्यात चिकटते. पूर्ण पेलाभर पाणी, बसून.

मीनल_सुदामानगर | ८ मे, रात्री १०.१०

आहे. लाल डाग आहे, हुबेहूब कवळीच्या आकाराचा. बाबा कवळी लावूनच झोपतात म्हणे. "चोर आला तर बिनदातांचा ओरडू कसा?"

सराफ्यातला_भुक्कड | ८ मे, रात्री १०.२२

काकांचा पत्ता द्या, मी भेटायला येतो.

मीनल_सुदामानगर | ३० मे, रात्री ९.००

बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. झालं ते असं.

साखरेच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पन्हं, ग्लुकोज, शिकंजी त्या दिवसापासून बंद. साखरेच्या गोळ्या बदलल्या. लिव्होसेटिरिझिन बंद. लघवीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून एकटी टॅम्सुलोसिन ठेवली, सॉलिफेनासिन काढली. बीपीची गोळी तीच. टाळूच्या डागाला क्लोट्रिमॅझोलचं औषध लावायला दिलं, कवळी रात्री वाटीत पाण्यात.

पहिले आठ दिवस काहीच फरक नाही, आणि बाबांनी माझ्यावर बराच राग काढला.

सध्या साखर उपाशीपोटी १३८, जेवणानंतर २०४. रात्री पाचऐवजी दोनदा उठतात, त्यामुळे संध्याकाळचं पाणी परत सुरू झालंय. काल टोपणाचा प्रयोग पुन्हा केला: ०.९ मिलिलिटर. पोळी वरणात कुस्करून आरामात जाते. नुसती कोरडी पोळी चौथ्या-पाचव्या घासाला अजून अडते.

राहिली अॅमिट्रिप्टिलिन. डॉक्टर म्हणाले आणखी महिनाभर बघू. पाय तिच्यानंच शांत आहेत. बाबांना विचारलं तर म्हणतात, "तोंड कोरडं चालेल, पाय जळलेले नको." आई म्हणते उलट. यावर आमच्याकडे रोज मतदान होतं.

गोळीबार | ३० मे, रात्री ९.४०

पहिल्या आठवड्यात फरक पडलाच नसता. सॉलिफेनासिन अंगातून निम्मी व्हायलाच दोन-अडीच दिवस घेते. पूर्ण जायला दहा-बारा दिवस. लोक चार दिवसांत "काही फायदा नाही" म्हणून परत सुरू करतात.

अॅमिट्रिप्टिलिनवर माझं मत आईसारखं आहे, पण पाय माझे नाहीत. दुसरी औषधं आहेत, त्यांचेही नखरे आहेत: कुणाला झोप फार, कुणाला पायावर सूज.

दंतकथा | ३० मे, रात्री १०.३०

०.४ वरून ०.९, छान. अजून दीडला पोचायचंय. तोवर खालचे स्वतःचे दात हिरडीच्या रेषेशी बघत राहा, लाळ कमी असली की तिथे कीड लवकर लागते. रात्री फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर फक्त पाणी. दिवसा साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगगम चालेल, कवळीला चिकटणार नाही असं बघून. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, त्यांना झायलिटॉल विष असतं. लिंबाच्या फोडी चोखायला देऊ नका, लाळ सुटते खरी, पण दात झिजतात.

आजीचा_बटवा | ३० मे, रात्री १०.५०

सासूबाईंनी ज्येष्ठमध माझ्याकडून परत मिळवला. उशीखाली सापडला.

शिरीष_ग्वाल्हेर | ३१ मे, सकाळी ७.०५

गोळीबारसाहेब, एक खासगी प्रश्न, पण इथेच विचारतो. मला डायबेटिस नाही, काल तपासली, ९८. पण हा धागा वाचता वाचता लक्षात आलं की सकाळचा टोस्ट मीही चहात बुडवल्याशिवाय खात नाही, वर्षभर तरी. झोप लागावी म्हणून रात्री सर्दीची पिवळी गोळी घेतो, सवयच झाली आहे. ती तुमच्या त्या निरोप अडवणाऱ्या मंडळींत येते का?

गोळीबार | ३१ मे, सकाळी ९.२०

पाकिटामागचं नाव वाचून पाठवा. क्लोरफेनिरामिन लिहिलं असेल तर हो.

शिरीष_ग्वाल्हेर | ३१ मे, सकाळी ९.४५

चष्मा लावून वाचलं. तेच लिहिलंय.